आनंद मेळ्यातला लकी ड्रॉ आणि ३४१ नंबरचं तिकीट : भाषणाचा मसुदा, वाचून सांगा

मेळेवाला_सुदामानगर

येत्या रविवारी आमच्या शाळेचा आनंद मेळा आहे. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. लकी ड्रॉ या वर्षी माझ्या गळ्यात पडलाय. गेल्या वर्षी समितीतल्या दुसऱ्या मंडळींकडे होता आणि त्यावरून चांगलीच बोंबाबोंब झाली. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर 'सेटिंग होतं' हेच चाललं होतं. म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलंय, ड्रॉच्या आधी स्टेजवरून पाच मिनिटं बोला, लोकांना पटेल असं बोला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ड्रॉची पद्धत. गेल्या वर्षी तिकिटं ५०० छापली होती, दहा-दहाची पन्नास पुस्तकं. तीन डबे असतात. शेकड्याच्या डब्यात ० ते ४, दशकाच्या आणि एककाच्या डब्यात ० ते ९. प्रत्येक डब्यातून एक मूल एकेक सोंगटी काढतं, तीन आकडे मिळून नंबर होतो. ००० आला तर तो ५०० धरायचा. बक्षिसं पाच.

मसुदा असा :

«नमस्कार मंडळी. भुट्ट्याचा कीस संपला अशी बातमी आली आहे, म्हणजे आता सगळे इकडे लक्ष देतील.

ड्रॉ सुरू करण्याआधी थोडं बोलतो. सोंगटी डब्यात हात घालून काढेपर्यंत विकलेल्या कुठल्याही तिकिटाचं पारडं दुसऱ्यापेक्षा जड नाही. कोणी पहिल्या दिवशी घेतलं, कोणी आत्ता गेटवर घेतलं, कोणाचा नंबर ७ आहे, कोणाचा ४१३, डब्याला त्यातलं काही कळत नाही. ज्यांनी दहा तिकिटं घेतली त्यांना दहा संधी आहेत, पण त्या दहातलं एकेक तिकीट तुमच्या एका तिकिटाइतकंच आहे.

गेल्या वर्षी ५०० पैकी ४२० तिकिटं विकली गेली. आठ पुस्तकं न विकता परत आली, नंबर २६१ ते ३४०. नियम असा केला होता की न विकलेला नंबर निघाला तर बक्षीस त्याच्या पुढच्या विकलेल्या नंबराला द्यायचं, म्हणजे पुन्हा काढायचा वेळ वाचेल. ऐकायला सरळ वाटतं. आता ३४१ नंबरच्या तिकिटाकडे बघा. ३४१ निघाला तर ते जिंकणारच, पण २६१ निघाला तरी तेच, ३०० निघाला तरी तेच, ३४० निघाला तरी तेच. बाकीच्या तिकिटांना पाचशेत एक संधी आणि ह्या एकट्याला पाचशेत एक्याऐंशी. मिक्सर ३४१ ला गेला, यात कोणाचा हात नव्हता. नियमच तसा होता.

या वर्षी न विकलेला नंबर आला तर तो मोठ्याने वाचून दाखवू, तिन्ही सोंगट्या डब्यात परत टाकू, हलवू आणि पुन्हा तिन्ही काढू. मग विकलेल्या प्रत्येक तिकिटाची संधी अगदी सारखी होते.

एक मात्र सांगून ठेवतो. ड्रॉ सारखा आहे म्हणजे बक्षिसं सगळ्या वर्गांत सारखी वाटली जातील असं नाही.»

कुठे अडखळतं का, कोणी काय प्रश्न विचारेल, तेवढं सांगा. मी कापडाचा व्यापारी माणूस, गणितात फार खोल नाही.

---

रामबाग_काकू

छान लिहिलंय हो. पण माझा एक प्रश्न. आमच्या भिशीत बारा जणी. दर महिन्याला चिठ्ठी काढतो, जिला लागली तिचं नाव बाद. म्हणजे पहिल्या महिन्यात बारांत एक, दुसऱ्यात अकरांत एक, आणि शेवटच्या महिन्यात तर जी उरली तिला मिळणारच, चिठ्ठी काढायचीच गरज नाही. मग हे सारखं कसं? तुमच्या ड्रॉमध्येही पाचवं बक्षीस काढताना चार तिकिटं कमी झालेली असणार. पहिलं बक्षीस सायकल आहे म्हणतात, ते आधी काढलं तर त्याला जास्त लोक भिडणार ना?

---

तर्कटराव

मेळेवाले, भाषण चांगलं आहे, पण गेल्या वर्षीच्या नियमाला तुम्ही उगाच झोडताय. तिकीट विकत घेताना कोणाला माहीत होतं का की २६१ ते ३४० परत येणार? नव्हतं. ज्याला ३४१ मिळालं त्यालाही नव्हतं आणि ज्याला १२ नंबर मिळाला त्यालाही नव्हतं. रिकामी जागा कुठेही पडू शकली असती. मग घेताना सगळ्यांची संधी सारखीच होती की! पारडं कुठे जड झालं? नंतर गणित करून ३४१ ला बदनाम करण्यात काय अर्थ?

---

आकडेमोड

(इंदूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त.)

आधी काकूंचं. काकू, दुसऱ्या महिन्यात अकरांत एक हे खरं, पण त्या अकरांत तुम्ही असायला आधी पहिल्या महिन्यात तुमची चिठ्ठी न लागणं भाग आहे. ते बारांत अकरा वेळा होतं. बारांत अकरा आणि अकरांत एक, गुणा, अकरा कटतात, उरतं बारांत एक. तिसऱ्या महिन्याचं करून बघा, तिथेही तेच उरतं. शेवटच्या महिन्यात 'मिळणारच' वाटतं, पण शेवटच्या महिन्यापर्यंत उरण्याचीच संधी बारांत एक असते. वर्षाच्या सुरुवातीला बघितलं तर कुठलाही महिना कुणालाही तितक्याच शक्यतेने येतो. सायकलचंही तसंच. आधी काढा की शेवटी, गेल्या वर्षीसारखी ४२० तिकिटं धरली तर प्रत्येकाला सायकलची संधी ४२० त एक. शेवटी काढतात ते लोक थांबावेत म्हणून.

तर्कटराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. रिकामी जागा कुठे पडेल हे खरोखरच कोणाला ठाऊक नसेल आणि तिकिटं कुठल्याही ओळखीशिवाय वाटली गेली असतील, तर घेण्याच्या क्षणी सगळे सारखे. पण ठाऊक नव्हतं कोणाला? घेणाऱ्याला. परत आलेली पुस्तकं ज्याच्या टेबलावर पडली होती त्याला दुपारी चार वाजताच ठाऊक होतं. ३४१ चं पुस्तक तोवर विकायचं राहिलं असेल तर त्याच्या हातात पाचशेत एक्याऐंशी संधीचं तिकीट वीस रुपयांना पडून होतं. त्याने ते उचललं असं मी म्हणत नाही. पण उचलता आलं असतं, आणि उचललं की नाही हे सिद्ध करायला कोणाकडेच काही साधन नाही. विक्री बंद होण्याआधीच एखाद्याला माहिती मिळून फायदा होऊ शकतो असा नियम ठेवायचाच कशाला?

मेळेवाले, तुमच्या भाषणात एक आकडा कमी आहे. तुम्ही एकाच सोडतीचं सांगितलंत. बक्षिसं पाच होती. पाचही वेळा नंबर २६१ ते ३४१ च्या बाहेर पडला तरच ३४१ रिकाम्या हाताने जातं. प्रत्येक वेळी बाहेर पडण्याची संधी पाचशेत ४१९, म्हणजे साधारण ८४ टक्के. पाच वेळा गुणली की ४१ टक्के उरतात. म्हणजे त्या एका तिकिटाला पाचपैकी काहीतरी लागण्याची संधी जवळजवळ ५९ टक्के होती. पुन्हा काढण्याच्या नियमाने तीच संधी ४२० त पाच, म्हणजे सव्वा टक्क्यापेक्षाही थोडी कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवा, बाकी काही बोलावं लागणार नाही.

---

मेळेवाला_सुदामानगर

सर, ५९ टक्के! मला वाटलं होतं सोळा. मोठ्या बाईंना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या हे स्टेजवर सांगू नका, गेल्या वर्षीच्या मंडळींचा अपमान होईल. बघतो काय करायचं.

तर्कटराव, ३४१ चं तिकीट समितीतल्या एकांच्या भाच्याचं होतं. भाच्याने गेटवर आमच्या समोर घेतलं, मीच साक्षीला आहे. पण त्यावरूनच सगळं पेटलं.

---

तर्कटराव

आकडेमोड सर, माहितीच्या फायद्याचा मुद्दा मान्य. पण माहिती कोणाकडेच नसेल तर नियम चूक नाही, हे तुम्हीही मान्य केलंत. मी तिथेच थांबतो.

---

पलासियावाला_भिया

भिया लोक, एवढं लांबण लावायची काही गरज नाही. न विकलेला नंबर आला तर फक्त शेवटची, एककाची सोंगटी परत काढा. शेकडा-दशक ठेवा. पोरं तीनदा हात घालणार, तीनदा हलवणार, त्यात लोक कंटाळून गराडूच्या ठेल्याकडे जाणार. एक सोंगटी बदला, खेळ खतम.

---

आकडेमोड

भिया, तुमच्या नियमाने आता दुसरंच तिकीट फुगतं. २६० नंबर घ्या. तो विकला गेलेला, कारण २५१ ते २६० चं पुस्तक संपलं होतं. शेकड्यात २ आणि दशकात ६ आला की पुढे काय? २६१ ते २६९ सगळे न विकलेले. एककात १ आला, परत काढा. ५ आला, परत काढा. ० येईपर्यंत काढत बसायचं, कारण त्या दहांत एकटं २६० विकलेलं आहे. म्हणजे २ आणि ६ निघाले की बक्षीस २६० चंच. त्याची संधी पाचशेत एक असायला हवी ती पाचशेत दहा झाली.

आणि २ व ७ निघाले तर? २७० ते २७९ सगळे परत आलेले. रविवारी रात्रीपर्यंत एककाच्या सोंगट्या काढत बसा, विकलेला नंबर येणार नाही.

तिन्ही सोंगट्या परत टाकून तिन्ही काढल्या तरच प्रत्येक प्रयत्न नव्याने सुरू होतो आणि मागच्या प्रयत्नाची काही छाप उरत नाही. वेळेची काळजी असेल तर हिशेब साधा आहे. पाचशेत ४२० विकलेले, म्हणजे सहा प्रयत्नांत साधारण एक वाया जाईल. पाच बक्षिसांना सरासरी सहा वेळा काढावं लागेल. गराडू तळून होईपर्यंत ड्रॉ संपलेला असेल.

---

पलासियावाला_भिया

अरे बाप रे, २६० चं ध्यानातच आलं नाही. ठीक आहे, तिन्ही काढा. पण मग विकलेलीच तिकिटं एका ड्रममध्ये टाकून एक चिठ्ठी का नाही काढत? न विकलेल्यांची कटकटच नाही.

---

स्नेहा_वैशालीनगर

मी दुसऱ्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे ड्रमच असतो आणि त्यातही रडगाणं असतंच. चारशे-पाचशे काउंटरफॉइल ड्रममध्ये टाकतात, पहिल्या दिवशी विकलेल्यांचे तळाशी, शेवटच्या दिवसाचे वर. मग एका पिल्लाला हात घालायला सांगतात. ते पिल्लू वरून उचलतं, हात खोल जातच नाही. वर काहींनी काउंटरफॉइलची घडी दोनदा घातलेली, काहींनी एकदाच, काही तशीच सपाट. सपाट कागद तळाला चिकटतो, गुंडाळलेला हाताला लागतो. 'गेटवर घेतलं की लागतं' असं आमच्या शाळेत पालक उघड म्हणतात, आणि मला वाटतं ते खोटं नाही.

---

आकडेमोड

स्नेहाताई, तुमच्या पालकांचं निरीक्षण चांगलं आहे. याचं एक फार गाजलेलं उदाहरण आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात कुठल्या जन्मतारखेच्या तरुणांना आधी लष्करात बोलवायचं हे चिठ्ठ्या काढून ठरवलं. ३६६ तारखा छोट्या कॅप्सूलमध्ये घालून जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिन्यांच्या क्रमानेच भरल्या, ढवळल्या कमी. शेवटच्या महिन्यांच्या तारखा लवकर निघाल्या. क्रमांकांची सरासरी कुठल्याही महिन्याची १८३ च्या आसपास यायला हवी होती, डिसेंबरची १२१ च्या आसपास आली. म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या पोरांना बोलावणं लवकर येण्याची शक्यता वाढली. पुढच्या खेपेला १९७० मध्ये तारखांचा एक ड्रम आणि क्रमांकांचा दुसरा ड्रम असं करून पद्धत सुधारली.

तेव्हा तिकीट समान आहे हे नुसतं म्हणून होत नाही, डब्यालाही ते मान्य हवं. चारशे चिठ्ठ्या हाताने ढवळणं सोपं नाही. म्हणून मेळेवाल्यांची तीन डब्यांची पद्धत मला जास्त आवडते. दहाच सोंगट्या, डबा बंद करून दहा-बारा वेळा हलवला की मिसळल्या. गेल्या वर्षी पद्धत चांगली होती, पुढच्या नंबराचा नियम वाईट होता. दोन्ही एकत्र झोडू नका.

ड्रमच वापरायचा असेल तर आदल्या दिवशी एक चाचणी करा. सगळे काउंटरफॉइल टाका, ढवळा, मग ५० काढा, नंबर लिहा, परत टाका. त्यातले अर्ध्या आधीच्या नंबरांतले किती आणि नंतरचे किती ते मोजा. २५-२५ च्या आसपास हवेत. २१-२९ आलं तर घाबरू नका, एवढं इकडंतिकडं होतंच. पण १५-३५ आलं तर ढवळणं कमी पडलंय. मात्र चाचणी चुकली म्हणून सारखी परत परत करून आवडता निकाल येईपर्यंत थांबू नका, आधी ढवळण्याची पद्धत बदला.

---

अन्नपूर्णारोडवाला

मला हा सगळा प्रश्नच कळत नाही. मुलांची शाळा आहे ना? मग प्रत्येक वर्गाला एक बक्षीस ठेवा. आधी वर्गाची चिठ्ठी, मग त्या वर्गातल्या मुलाची. सगळ्यांना मिळेल, कोणी रडणार नाही, भाषणाची गरजच नाही. आणि शाळेने मुळात लॉटरी करावी का? १९९८ चा लॉटरीचा कायदा आहे, कोणी बघितलाय का? वीस रुपयांचं तिकीट विकून बक्षीस देणं म्हणजे लॉटरीच झाली.

---

मेळेवाला_सुदामानगर

कायद्याचं मोठ्या बाईंनी ओळखीच्या वकिलांना विचारलंय, ते काय सांगतील ते बघू. तिकीट मेळ्याच्या प्रवेशाचं असतं, ड्रॉ त्यावर फुकट, असं शाळेचं म्हणणं आहे. ते कितपत टिकतं मला माहीत नाही.

वर्गवार ड्रॉचं मात्र गेल्या वर्षीच कोणीतरी सुचवलं होतं. सहावीत ९० तिकिटं विकली गेली आणि आठवीत ३०. आधी वर्ग काढला तर आठवीच्या तिकिटाला तिप्पट वजन आलं. सहावीच्या पोरांनी घरोघर फिरून तिकिटं विकली, आणि त्यांचंच तिकीट हलकं. हे मी पालकांना कुठल्या तोंडाने सांगू?

---

अन्नपूर्णारोडवाला

पण वर्गांना तर सारखी संधी मिळाली. तुम्ही म्हणता तिकिटाला सारखी, मी म्हणतो वर्गाला सारखी. तुमचंच खरं का?

---

आकडेमोड

दोन्ही खरं असू शकतं, फक्त तिकिटावर काय छापलंय ते बघावं लागेल. तुम्ही वीस रुपये घेऊन 'तिकीट' विकलंत तर घेणाऱ्याला वाटतं की त्याच्या कागदाला बाकीच्या कागदांइतकाच मान आहे. वर्गाला समान मान द्यायचा असेल तर ते विकण्याआधी सांगा. विक्रीनंतर नियम बदलणं हे सगळ्यात वाईट, मग नियम कुठलाही असो.

आणि 'सगळ्यांना मिळेल' हे तुमचं, ते ड्रॉचं नाही, वाटपाचं काम आहे. मुलांना चॉकलेट वाटा की सगळ्यांना.

---

स्नेहा_वैशालीनगर

मला खरा त्रास वेगळा वाटतो. आमच्या वर्गात एका मुलीकडे चाळीस तिकिटं होती, वडिलांनी घेऊन दिली. शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे एक. तिकीट सारखं आहे, पण मुलं सारखी नाहीत. मेळेवाल्यांचं भाषण 'दहा तिकिटांना दहा संधी' असं बिनदिक्कत म्हणतं. त्या मुलाच्या कानाला ते कसं लागेल?

---

मेळेवाला_सुदामानगर

याला माझ्याकडे उत्तर नाही. समितीत बोललो. एकाने म्हटलं प्रत्येक मुलाला पाचच तिकिटं. दुसरे म्हणाले, मग शाळेच्या वाचनालयाला पैसा कुठून येणार? चाळीस तिकिटं घेणाऱ्यांवरच निम्मी कमाई होते. भांडण झालं, मग चहा आला, विषय तसाच राहिला.

---

इमली_बाजार_ताई

मी गेल्या वर्षी तिथे होते. माझा राग ३४१ वर नव्हता. पाचपैकी दोन बक्षिसं शिक्षकांच्या घरी गेली त्याच्यावर होता. मिक्सर भाच्याला, वर दोन शिक्षकांकडे. आता सांगा सेटिंग नव्हतं! ३४१ चं गणित सांगून तुम्ही बाकीच्या दोघांना झाकताय.

---

आकडेमोड

ताई, शिक्षक आणि त्यांच्या घरच्यांकडे किती तिकिटं होती ते कळेल का?

---

मेळेवाला_सुदामानगर

नोंदवही बघून सांगतो. ... ६० होती. शिक्षकांनाही घ्यायला सांगितलं होतं, सगळ्यांनी तीन-चार घेतली.

---

आकडेमोड

४२० त ६०, म्हणजे सात तिकिटांत एक. पाच बक्षिसं. समजा ड्रॉ अगदी स्वच्छ आहे. एकही बक्षीस शिक्षकांकडे न जाण्याची संधी ४६ टक्के. म्हणजे किमान एक तरी जाण्याची संधी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के. दोन किंवा जास्त जाण्याची साधारण १५ टक्के. सहा-सात वर्षांत एकदा अशी वेळ येईलच, कोणीही काहीही न करता. गेल्या वर्षीचा ड्रॉ मात्र अगदी स्वच्छ नव्हता, ३४१ चं फुगलेलं वजन त्यात मध्ये घुसलेलं होतं, त्यामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

ताई, याने सेटिंग नव्हतं हे सिद्ध होत नाही. १५ टक्क्यांची गोष्ट घडली, एवढंच कळतं. निकाल बघून कोणाला चोर म्हणता येत नाही, तसंच निकाल बघून कोणाला साव म्हणता येत नाही. बघायचं असेल तर सोंगट्या सर्वांसमोर मोजल्या का, डबा हलवला का, निघालेला नंबर फळ्यावर लगेच लिहिला का, हे बघा. गेल्या वर्षी फळा होता का?

---

इमली_बाजार_ताई

फळा नव्हता. माइकवरून ओरडत होते आणि माइक फाटत होता. तुमचे १५ टक्के ऐकून माझा राग पूर्ण गेला नाही, पण या वर्षी फळा ठेवा, एवढं तरी करा.

---

मेळेवाला_सुदामानगर

फळा पक्का. भाषणातला मधला भाग असा बदललाय, मोठ्या बाई पण 'हे चालेल' म्हणाल्या :

«न विकलेला नंबर निघाला तर काय करायचं, यावर सगळं अवलंबून असतं. बक्षीस शेजारच्या नंबराला दिलं तर शेजारचं तिकीट फुगतं. फक्त शेवटचा आकडा बदलला तरी कुठलंतरी तिकीट फुगतंच. म्हणून आम्ही तिन्ही सोंगट्या परत टाकणार. या वर्षी तिकिटं ६०० छापली, शेकड्याच्या डब्यात ० ते ५ आहेत, ००० म्हणजे ६००. परत आलेल्या पुस्तकांचे नंबर आत्ता फळ्यावर लिहितो, तुम्ही टिपून घ्या. ड्रॉच्या आधी सगळ्या सोंगट्या उलट्या करून दाखवतो. कोणा पालकाला हलवायचं असेल तर स्टेजवर या.

आणि मंडळी, निघालेला नंबर फळ्यावर लिहिल्याशिवाय पुढची सोंगटी निघणार नाही.»

सोंगट्या या वेळी कागदी नाहीत, टेबल टेनिसच्या बॉलवर एकाच मार्करने आकडे लिहिलेत. ६ आणि ९ खाली रेघ मारलीय.

---

रामबाग_काकू

भाषण छान झालं. सर, बारांत एकचं गणित मी भिशीत सांगितलं, सगळ्या म्हणाल्या हो का. मग मी म्हटलं, हे खरं असेल तर आपली चालवणारी पहिला महिना चिठ्ठी न काढताच स्वतःकडे का ठेवते? कोणी उत्तर दिलं नाही.

---

आकडेमोड

काकू, तिथे चिठ्ठीच नाही, मग गणित लागू कसं होणार! पहिला महिना तिचा असं सुरुवातीला ठरलेलं असेल आणि सगळ्यांना मान्य असेल तर तिची मेहनत म्हणून सोडा. उरलेल्या अकरा जणींना मात्र बाकीचे अकरा महिने सारख्याच शक्यतेने येतात, बारांत एक नव्हे, अकरांत एक.

---

पलासियावाला_भिया

एक राहिलं. जिंकणारा मैदानात नसेल तर? गेल्या वर्षी दोन मिनिटं वाट बघून पुढचा नंबर काढला म्हणे. घरी गेलेल्याचं तिकीट फुकट गेलं. तेही न विकलेल्यासारखंच झालं ना?

---

मेळेवाला_सुदामानगर

हा नियम तिकिटाच्या मागे छापलेलाच नाहीये. छापाईला गेली ६०० तिकिटं. आता समितीत विचारतो, पण छापून आल्यावर 'हजर असलाच पाहिजे' म्हणणं म्हणजे सरांनी म्हटलं तेच झालं, विक्रीनंतर नियम बदलणं. फोन नंबर काउंटरफॉइलवर आहेत, स्टेजवरूनच फोन लावावा का? कोणी केलंय असं?